पिशवी अजून दिसतेय, मग कापलं काय?

मंजिरी यांची प्रतिक्रिया: «डॉक्टर, घशातल्या पिशवीवरचा तुमचा लेख वाचून आम्ही आईचं (वय ७९) दुर्बिणीतून ऑपरेशन करून घेतलं. दोन महिन्यांनी काल बेरियम पाजून एक्स-रे काढला, तर रिपोर्टात पिशवी आहेच! मग कापलं काय? आई आता भाकरी खाते, ठसका थांबलाय, पण अधूनमधून घशात गुडगुडतं. सरळ पिशवीच काढून टाकायला हवी होती. शिवाय दुर्बीण आतलं प्रत्यक्ष दाखवते, तरी तुम्ही त्या जुन्या बेरियमचा आग्रह धरता. असं अर्धवट लिहून लोकांना भरीला घालू नये.»

मंजिरीताई, कापला तो स्नायू. पिशवीला हात लावायचाच नव्हता.

या आजाराला १८७७ पासून जर्मन डॉक्टर झेंकर यांच्या नावाने झेंकरची पिशवी म्हणतात, आणि नावात पिशवी असल्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिच्यावरच जातं. पण पिशवी हा परिणाम आहे. घसा जिथे संपतो आणि अन्ननलिका सुरू होते तिथे एक आडवा स्नायू असतो, क्रिकोफॅरिंजियस. एरवी तो आवळलेला असतो, घास आला की क्षणभर सैल पडतो आणि घास गेला की पुन्हा मिटतो. उतारवयात काहींचा हा स्नायू ताठर होतो. तो सैल पडतो, पण पुरेसा उघडत नाही. मग प्रत्येक घासाला त्याच्या वरच्या बाजूला दाब वाढतो. नेमकी त्याच्या वर, मागच्या भिंतीत, स्नायूंच्या धाग्यांमध्ये एक कमकुवत तिकोनी जागा असते. वर्षानुवर्षं दाब सोसून तिथून आतलं अस्तर बाहेर फुगतं आणि अन्ननलिकेच्या मागे खाली लोंबू लागतं. ही झाली पिशवी. तिला स्वतःचा स्नायू जवळजवळ नसतो, त्यामुळे आत गेलेलं ती ढकलून बाहेर काढू शकत नाही.

पिशवी मागे, अन्ननलिका पुढे, आणि दोघींच्या मधे एक समाईक भिंत. दोष असलेला स्नायू याच भिंतीत असतो. दुर्बिणीतून ही भिंत वरून खाली चिरली की दोन गोष्टी एकदम साधतात: स्नायूचा आवळ सुटतो, आणि पिशवीत पडलेलं अडून न राहता अन्ननलिकेत घसरतं. घरातल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडली तर मागची खोली नाहीशी होत नाही, तिथे काही कोंडून राहत नाही इतकंच. म्हणून नंतरच्या बेरियमवर मागे फुगवटा दिसणं अपेक्षितच आहे. बहुतेक यशस्वी ऑपरेशनांनंतर तो दिसतो.

रिपोर्टातलं «रेसिड्युअल डायव्हर्टिक्युलम», म्हणजे उरलेली पिशवी, हे वाक्य चुकीचं नाही, पण त्यावरून ऑपरेशन फसलं की नाही ते ठरत नाही. ते ठरवायला फिल्ममध्ये काय बघायचं, ते एका रुग्णावरून सांगतो.

७६ वर्षांचे एक आजोबा माझ्याकडे बेरियमसाठी आले होते. दीड-दोन वर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू. चहा प्यायले की मानेत गुडगुड, शेजारी बसलेल्याला ऐकू येईल इतकी. जेवल्यावर दोन-तीन तासांनी वाकले की अन्न तोंडात यायचं. मी विचारलं, आंबट लागतं का? म्हणाले, नाही, जसं खाल्लं तसंच. सकाळी उशीवर आदल्या रात्रीच्या मटकीच्या उसळीचे दाणे सापडत. एकदा ब्लडप्रेशरची गोळीही अख्खी परत आली होती, आणि प्रेशर आटोक्यात का येत नाही म्हणून तिकडे डोस वाढवणं चाललं होतं. पोटात जाऊन परत आलेलं अन्न आंबट किंवा कडू असतं. न आंबलेलं, ओळखू येणारं अन्न तासन्‌तासांनी वर येत असेल, तर ते पोटापर्यंत पोचलेलंच नसतं. एवढा एक प्रश्न कोणी आधी विचारला असता तर अ‍ॅसिडिटीच्या त्या गोळ्या वाचल्या असत्या. त्याच वर्षी त्यांना न्यूमोनियाही झाला होता. रात्री आडवं झाल्यावर पिशवीतलं श्वासनलिकेत उतरतं, त्याचा हा ठराविक परिणाम.

बेरियम करताना त्यांना उभं केलं, आधी बाजूने आणि मग समोरून पाहिलं. घशातून घास जायला सेकंदभरच लागतो, त्यामुळे एकेकटे फोटो काढून भागत नाही. गिळतानाचं सलग चित्रण हवं. पहिला घोट अन्ननलिकेत न जाता मागे वळला आणि पिशवीत पडला. पिशवी भरल्यावर बेरियम तिच्या काठावरून ओसंडून पुढे अन्ननलिकेत गेलं. पिशवीच्या तोंडाशी, मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्याच्या पातळीवर, मागून आत घुसलेला एक ठळक उंचवटा होता. हाच तो न उघडणारा स्नायू. गिळून झाल्यावरही पिशवीत बेरियम साचून होतं, त्याच्यावर हवा, मधे सरळ आडवी रेघ. त्यांना बोलायला लावलं तर थोडं वर येऊन स्वरयंत्राच्या काठाशी घोटाळलं. गुडगुड म्हणजे या हवेचं आणि पाण्याचं मिसळणं. भिंतीची उंची भरली सुमारे साडेतीन सेंटिमीटर. सर्जनला हा आकडा हवा असतो, पिशवीच्या घेरापेक्षाही जास्त.

समोरूनही बघायचं, कारण याच भागात दुसरी एक पिशवी असते, किलियन-जेमिसन नावाची. ती या स्नायूच्या खालून, कडेने निघते. बाजूच्या फिल्मवर दोघींत गफलत होऊ शकते, समोरून बहुधा होत नाही. तिच्याजवळून आवाजाची नस जाते, म्हणून तिचा विचार वेगळा करावा लागतो.

आता दुर्बिणीबद्दल. मोठी पिशवी असली की घशाची वाट थेट तिच्यातच उतरते आणि अन्ननलिकेचं खरं तोंड पुढे सरकून चिरेसारखं अरुंद होतं. पिशवीची कल्पना नसताना दुर्बीण ढकलली तर टोक तिच्या तळाशी जाऊन टेकतं, आणि त्या तळाला स्नायूचं अस्तर नसतं. भोक पडण्याचा धोका तिथे आहे. नाकातून घालायची रायल्स ट्यूबही अशीच चुकते. म्हणून अन्न परत येणं आणि गुडगुड ही लक्षणं असतील तर आधी बेरियम, मग दुर्बीण. दुर्बीण नकोच असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पिशवीचं अस्तर नीट बघायला ती लागतेच. तिथे क्वचित कर्करोग होतो, आणि बेरियमवर खडबडीत, जागेवरून न हलणारा डाग दिसला तर तो अडकलेला घास आहे की गाठ, ते दुर्बीणच सांगते.

पिशवीच का काढली नाही, हा प्रश्न रास्त आहे. काढता येते. मानेच्या डाव्या बाजूला छेद देऊन पिशवी काढतात. पण त्यातही तो स्नायू चिरावाच लागतो, नाहीतर वरचा दाब तसाच राहतो. मग टाके गळू शकतात आणि काही वर्षांनी पिशवी पुन्हा फुगू शकते. त्या वाटेवर आवाजाच्या नसेला इजा होण्याची भीती असते आणि हॉस्पिटलातला मुक्कामही लांबतो. रुग्ण तब्येतीने धड असेल आणि पिशवी फार मोठी असेल, किंवा तोंडातून उपकरण बसतच नसेल, तर मीही मानेतूनच करा म्हणेन. ७९ व्या वर्षी, एरवी दुर्बिणीतून जमत असताना, नाही.

भिंत तोंडातून चिरण्याची कल्पना जुनी आहे. बोस्टनच्या मोशर यांनी १९१७ साली ती करून पाहिली, पण एक रुग्ण दगावल्यावर सोडून दिली. भिंतीच्या खाली छातीच्या मध्यभागाची पोकळी सुरू होते. चीर तिथवर गेली की हवा आणि जंतू आत शिरतात. स्वीडनच्या डोलमन यांनी पुढे विजेच्या उष्णतेने भिंत कापून ही पद्धत पुन्हा उभी केली, आणि १९९३ मध्ये स्टेपलर आला. तो कापता कापता दोन्ही कडांना पिना मारून बंद करतो, त्यामुळे गळतीची भीती बरीच कमी झाली. मात्र स्टेपलरच्या टोकापर्यंत पातं पोचत नाही. तळाशी सेंटिमीटरभर भिंत उरतेच. म्हणून तीन सेंटिमीटरपेक्षा लहान पिशवीला तो सोयीचा नाही. शिवाय त्यासाठी ताठ नळी घशात बसवावी लागते. तोंड नीट उघडत नसेल, मान मागे जात नसेल, तर ती बसत नाही, आणि या वयात मानेचा स्पाँडिलोसिस काही दुर्मीळ नाही. अशा वेळी लवचिक दुर्बिणीतून बारीक चाकूने भिंत चिरतात आणि तळाशी क्लिप लावतात. अलीकडे अस्तराखाली बोगदा करून आतला स्नायू शेवटपर्यंत कापायची रीतही आली आहे.

त्या आजोबांची मान मागे जात नव्हती, म्हणून लवचिक दुर्बिणीने केलं. आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ दिले. भूल देणाऱ्या डॉक्टरांना पिशवीची कल्पना आधीच दिली होती, कारण रात्रभर उपाशी ठेवलं तरी पिशवीत अन्न असू शकतं आणि भूल चढताना ते फुप्फुसात जाऊ शकतं. ऑपरेशननंतर ताप, छातीत किंवा पाठीत दुखणं, मानेच्या कातडीखाली दाबल्यावर कुरकुरणं यांवर लक्ष ठेवलं. यातलं काही झालं नाही. अडीच महिन्यांनी बेरियम केलं, तर मागे फुगवटा होता, तुमच्या आईंसारखाच. पण साडेतीन सेंटिमीटरची भिंत आता सेंटिमीटरभर उरली होती. बेरियम मागे जाऊन न थांबता त्याच घोटात खाली उतरलं. शेवटच्या फिल्मवर तळाशी फक्त पातळ थर होता, आडवी रेघ नव्हती. उशी स्वच्छ राहू लागली होती.

तर रिपोर्ट बाजूला ठेवा आणि सेंटरकडून गिळतानाच्या चित्रणाची सीडी मागून घ्या. ऑपरेशनच्या आधीची आणि आताची, अशा बाजूने काढलेल्या दोन फिल्म शेजारी ठेवून तुमच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: भिंत आधी किती होती आणि आता किती उरली, गिळून झाल्यावर पिशवीत किती बेरियम राहतं, आणि स्नायूचा उंचवटा सपाट झालाय का. अधूनमधून गुडगुडणं, तेही भाकरी जात असताना आणि ठसका नसताना, मला खटकत नाही. फुगवटा आहे तोवर त्यात थोडी हवा खेळणारच.

खटकेल ते वेगळं. जुनं अन्न पुन्हा वर येऊ लागलं, गोळ्या अडकू लागल्या, वजन उतरलं, किंवा रात्री खोकल्याने जाग येऊ लागली, तर उरलेल्या भिंतीने पुन्हा अडवलं असं धरून लवकर दाखवा. काही रुग्णांत हे होतं, कधी काही महिन्यांत तर कधी काही वर्षांनी, आणि दुर्बिणीतून तीच भिंत आणखी चिरता येते. लक्षणं नसतील तर पुढचं बेरियम करायचं कारण नाही. आईंना कुठल्याही कारणाने दुर्बीण, नाकातली नळी किंवा भूल द्यायची वेळ आली, तर पिशवी आणि हे ऑपरेशन दोन्ही आधी सांगा. तशी नोंद त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर करून ठेवा.