चार स्टॉपच्या टीएसपीत last कशाला लागतो

"सर, पोस्ट वाचली पण पटली नाही. 4 ठिकाणांचे एकूण 6 रस्ते, हाताने मोजून दोन मिनिटांत होतात, मग परीक्षेत पोरांना टेबल भरायला का लावायचं? आणि dp[mask] पुरे आहे की! कुठली ठिकाणं झाली आणि कमीत कमी किती वेळ लागला, बस. dp[mask][last] करून टेबल उगाच n पट मोठं केलंत."

पोस्ट होती टीएसपीवर, म्हणजे सगळी ठिकाणं एकेकदा करून कमीत कमी वेळात परत सुरुवातीला यायच्या प्रश्नावर, आणि त्यात मी dp[mask][last] चं टेबल भरायला सांगितलं होतं. n म्हणजे एकूण ठिकाणं, mask म्हणजे कुठली ठिकाणं झाली ते बिटांत लिहिलेला नंबर, last म्हणजे आत्ता उभे आहोत ते ठिकाण. तुमचा दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण या प्रश्नात मार्क जातात ते बहुतेक तिथेच, आणि नुसतं "last लागतो" म्हणून सांगून ते पटत नाही, आकडे मांडूनच बघायला हवं.

समजा एक डिलिव्हरीवाला दादरहून निघतो, सायन, वडाळा, कुर्ला करून परत दादरला येतो. मिनिटं मी उदाहरणापुरती धरलीयत, जाताना-येताना सारखीच. दादर–सायन 10, दादर–वडाळा 12, दादर–कुर्ला 20, सायन–वडाळा 8, सायन–कुर्ला 14, वडाळा–कुर्ला 21. नंबर असे, दादर 0, सायन 1, वडाळा 2, कुर्ला 3. मास्कमधला 0 नंबरचा बिट दादरचा आणि तो कायम चालू.

आता तुम्ही म्हणता तसं करू, मास्कला एकच किंमत. दादर, सायन, वडाळा झाले, म्हणजे मास्क 0111, म्हणजे 7. इथे दोन रस्त्यांनी पोचता येतं, दादर-सायन-वडाळा 18 मिनिटं आणि दादर-वडाळा-सायन 20. तुमच्या टेबलात 18 राहील, 20 जाईल. बरोबर वाटतं ना? पण पुढे कुर्ल्याला जायचंय, आणि 18 वाला उभा आहे वडाळ्यात, तिथून कुर्ला 21, एकूण 39. फेकून दिलेला 20 वाला उभा होता सायनला, तिथून कुर्ला 14, एकूण 34. दोन मिनिटं वाचवायला गेलो आणि पाच गमावली.

हेच बाकीच्या मास्कना होतं. मास्क 11 मध्ये दादर-सायन-कुर्ला 24 राहतं, उलटं 34 जातं. मास्क 13 मध्ये दादर-वडाळा-कुर्ला 33 राहतं, 41 जातं. शेवटी पूर्ण मास्क 15 ला सगळ्यात कमी 39, कुर्ल्यात संपतो, परतीचे 20 धरून 59. आणि तुम्ही म्हणाल की शेवटच्या पायरीला परतीचा रस्ता धरूनच निवडू, तरी 57 च्या खाली जात नाही. खरं उत्तर 54 आहे, दादर-वडाळा-सायन-कुर्ला-दादर, म्हणजे 12, 8, 14, 20. तुमच्या टेबलाला हा रस्ता दिसतच नाही, सरळही नाही आणि उलटाही नाही, कारण सरळ जाताना त्याचा पहिला तुकडा मास्क 7 मध्ये गेला आणि उलट जाताना दादर-कुर्ला-सायन हा तुकडा मास्क 11 मध्ये गेला. हा नशिबाचा भाग नाहीये. जाण्या-येण्याचा वेळ सारखा असला की दादर धरून तीन ठिकाणांच्या मास्कमध्ये नेहमी बाकीच्या दोघांतल्या दादरपासून लांब असलेल्यावर संपणारा रस्ताच टिकतो, त्यामुळे 4 ठिकाणांच्या तीन फेऱ्यांपैकी एक कायमची बाहेर.

म्हणून last. दोन अर्धवट रस्त्यांपैकी एक फेकायचा हक्क आपल्याला तेव्हाच असतो जेव्हा दोघांचं पुढचं सगळं सारखं असतं, आणि पुढचं अवलंबून असतं दोनच गोष्टींवर, काय उरलंय आणि आत्ता कुठे उभे आहोत. मधे कुठल्या क्रमाने फिरलो त्याचा पुढे काहीच संबंध नाही, तेवढंच विसरता येतं, उभं राहिलेलं ठिकाण विसरता येत नाही. हेल्ड आणि कार्प यांनी 1962 मध्ये हीच मांडणी दिली, बेलमननेही त्याच वर्षी.

बरोबर टेबलात मास्क 15 च्या ओळीत मग तीन आकडे येतात. सायनला संपणारा 47, वडाळ्याला 42, कुर्ल्याला 34. परतीचे अनुक्रमे 10, 12, 20 मिळवले की 57, 54, 54. दोनदा 54 आलं ते बरंच झालं, कारण ती एकच फेरी सरळ आणि उलटी मोजली गेलीये. सारख्या अंतरांच्या पेपरात हा चेक फुकटात मिळतो, सगळ्यात लहान आकडा एकदाच आला तर कुठेतरी बेरीज चुकलीये. आणि पोरगं उत्तर 34 लिहून आलं तर समजायचं परत यायचं विसरलं.

आता पहिला मुद्दा. 4 ठिकाणांना टेबलाने काही वाचत नाही हे खरंय, मी मान्यच करतो. वरच्या उदाहरणात फेकाफेक फक्त शेवटच्या ओळीत झाली, त्याआधी प्रत्येक सेलला पोचायचा एकच रस्ता होता. पाचवं ठिकाण आलं की चित्र बदलतं. 1, 2, 3 करून 3 वर उभं राहायचे दोन रस्ते होतात, 0-1-2-3 आणि 0-2-1-3, त्यातला एक तिथेच कटाप आणि पुढे एकच वाढवायचा. ही बचत साठत जाते. 12 ठिकाणांना ब्रूट फोर्सने 11! म्हणजे जवळजवळ 4 कोटी फेऱ्या, टेबलाने n²·2ⁿ म्हणजे 6 लाखांच्या आत. 20 ला 19! हा 18 आकडी नंबर आहे, टेबलाचं काम साधारण 42 कोटी. त्यामुळे पेपरात n ≤ 20 दिसलं की परीक्षकाने इशारा दिलाय असं धरा. त्याच्या फार वर मात्र वेळेआधी मेमरी मारते, 20 ला चार बाइटचे int धरले तर 84 एमबीच्या आसपास, आणि पुढे प्रत्येक ठिकाणाला दुपटीहून जास्त.

माझ्या मते हाताने भरायला 4 चं टेबल द्यावं ते एवढ्यासाठीच, की पोराने मास्क 7 च्या ओळीत दोन आकडे लिहिले की एक, ते लगेच दिसतं. फक्त अंतिम उत्तर विचारलं तर तुम्ही म्हणता तसं 6 रस्ते मोजून पोरगं मोकळं होणार आणि त्याला काय येतं ते कळणारच नाही, त्या बाबतीत तुमची तक्रार रास्त आहे.

कोड लिहायचा असेल तर गाभा एवढाच, आधी सगळीकडे INF आणि dp[1][0] = 0:

```cpp
for (int mask = 1; mask < (1 << n); mask += 2)
  for (int last = 0; last < n; last++) {
    if (dp[mask][last] >= INF) continue;
    for (int j = 1; j < n; j++) {
      if ((mask & (1 << j)) != 0) continue;
      int nm = mask | (1 << j);
      dp[nm][j] = min(dp[nm][j],
                      dp[mask][last] + d[last][j]);
    }
  }
```

मास्क लहानाकडून मोठ्याकडे घेतले की पुरतं, कारण बिट वाढला की नंबर वाढतोच, वेगळा क्रम लावायची गरज नाही. मात्र त्या if मधला बाहेरचा कंस सोडू नका. `mask & (1 << j) != 0` असं लिहिलं तर C++ आधी `!=` करतं, त्याचं उत्तर 1, मग उरतं mask & 1, आणि आपले सगळे मास्क विषम असल्याने प्रत्येक ठिकाण "आधीच झालंय" ठरतं. कंपाइलर फार तर वॉर्निंग देतो, प्रोग्राम चालतो आणि टेबलात dp[1][0] सोडून सगळीकडे INF. असं टेबल दिसलं की अंतरं तपासत बसू नका, सरळ त्या ओळीवर जा.