‘सदर मुदत’ म्हणजे नक्की कोणती?

> “सलग मजकुराचे तुकडे पाडून नंबर टाकलेत, त्यात नवीन ते काय? तीस वर्षं आम्ही करार सलगच टाइप करतोय, कोणाचं अडलेलं नाही. आणि तुमच्याच नमुन्यात कलम ९ म्हणतं ‘कलम ५ मधील अनामत रक्कम’. कलम ५ मध्ये तर वीजबिल आहे! त्यापेक्षा आमचं ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ काय वाईट?”

सलग टाइप केलेला लिव्ह अँड लायसन्सचा एक करार नंबर टाकलेल्या कलमांत मांडून मी नमुना दिला होता, त्यावरची ही तुमची प्रतिक्रिया. कलम ९ ची चूक माझी, आणि तुम्ही ती पकडलीत म्हणून आभार. पहिल्या मसुद्यात अनामत पाचव्या कलमातच होती. मागाहून मेंटेनन्सचं कलम चौथ्या जागी घातलं, पुढची सगळी एकेक घर खाली सरकली, आणि मी हाताने टाइप केलेला ५ तिथेच बसून राहिला. नमुना दुरुस्त केला आहे.

पण ‘सदर’ चुकत नाही, कारण ते नेमकं काहीच सांगत नाही. ज्या लिव्ह अँड लायसन्सच्या करारावरून मी नमुना केला, त्यात एकाच दीड पानी परिच्छेदात तीन मुदती होत्या: करार ११ महिन्यांचा, लॉक-इन ६ महिन्यांचं आणि नोटीस ३० दिवसांची. त्यांच्यानंतर वाक्य येतं, “सदर मुदतीपूर्वी जागा सोडल्यास उर्वरित काळाचे भाडे द्यावे लागेल.” भाडं १८,००० धरा. लायसन्सी रीतसर नोटीस देऊन सातवा महिना संपताना निघाला. ‘सदर’ म्हणजे लॉक-इन असेल तर त्याचं देणं शून्य, आणि ११ महिने असेल तर चार महिन्यांचे ७२,०००. तीस वर्षांत तुमच्याकडे कोणाचं अडलं नसेल, तर बहुधा सातव्या महिन्यात कोणी उठून गेलं नसेल.

म्हणून तुकडे पाडण्याआधी मी मजकुरातले ‘सदर’, ‘वरील’, ‘उपरोक्त’, ‘खालील’ हे सगळे शब्द हायलाइट करतो आणि प्रत्येकापुढे तो कशाकडे बोट दाखवतो ते लिहितो. या टप्प्यावर नंबर देत नाही, ‘[अनामत]’, ‘[लॉक-इन]’ अशी नावं देतो, कारण नंबर अजून सरकायचे असतात. जिथे उत्तर सापडत नाही तिथे दोन्ही बाजूंना विचारतो.

तुकडे पाडणं हे नुसतं टायपिंगचं काम नाही, हे त्याच करारातल्या आणखी एका वाक्यात दिसतं: “लायसन्सीने भाडे थकविल्यास किंवा जागेत धंदा सुरू केल्यास किंवा जागा दुसऱ्यास वापरावयास दिल्यास व लेखी नोटीस मिळूनही १५ दिवसांत सुधारणा न केल्यास करार रद्द होईल.” शेवटची नोटिशीची अट तिन्ही कारणांना आहे, की फक्त तिसऱ्याला? सलग वाक्यात हा प्रश्न झाकून जातो. खंड पाडताना मात्र ती शेपटी कुठेतरी ठेवावीच लागते. ती तिसऱ्या कारणाच्या, म्हणजे खंड (ग) च्या पोटात ठेवली, तर भाडं थकवणाऱ्याचा करार नोटिशीविना रद्द होतो. तिन्ही खंडांखाली, समासाला लावून वेगळ्या ओळीत ठेवली, तर सगळ्यांनाच १५ दिवस मिळतात. मी मालक आणि लायसन्सी दोघांना विचारून दुसरी मांडणी केली. नंबर टाकणाऱ्याने हे परस्पर ठरवू नये.

अक्षरांचा घोळ तर खास आपला. कोणी अ, ब, क, ड लिहितो, कोणी क, ख, ग, घ. त्यामुळे ‘१०(१)(क)’ म्हणजे एका पद्धतीत तिसरा खंड, दुसरीत पहिला. दुसऱ्या करारातून एखादं कलम उचलून चिकटवलं की दोन्ही पद्धती एकाच दस्तात नांदायला लागतात. मी सरकारी कायद्यांच्या भाषेतली उतरंड घेतो: कलम, पोट-कलम (१), खंड (क), उप-खंड (एक). आणि ती शेवटच्या पानापर्यंत बदलत नाही.

आता माझ्या चुकीवरचा इलाज. वर्डमध्ये नंबर हाताने टाइप न करता Multilevel List ने द्यायचे आणि संदर्भ References मधल्या Cross-reference ने घालायचे. तिथे `Paragraph number (full context)` निवडा, नाहीतर ‘१०(१)(क)’ ऐवजी नुसतं ‘(क)’ उमटू शकतं. मधे कलम घातलं की संदर्भ आपोआप बदलत नाहीत. `Ctrl+A` आणि मग `F9` दाबावं लागतं. कलमच उडवलं असेल तर `Error! Reference source not found.` असं उमटतं, आणि ते बरंच आहे, निदान दिसतं तरी. कलम जागेवर असून आतला मजकूर बदलला असेल, तर मात्र वर्ड गप्प बसतं. म्हणून सहीआधी `Ctrl+F` ने ‘कलम’ शोधून प्रत्येक संदर्भामागे जाऊन बघायचं. अशा करारात अर्धा तास लागतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे चूक नोंदणीनंतर सापडली तर पेनाने खाडाखोड चालत नाही, चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो.

तुमचं एक मात्र मान्य. सुरुवातीची पक्षकारांची आणि जागेची माहितीही मी तुकड्यांत चिरली होती. तिचा संदर्भ पुढे कुठेच येत नाही, म्हणून ती पुन्हा सलग केली आहे.