तुटक रेषेचा हट्ट

"तुमच्या तिकडच्या अ‍ॅटलासात बेळगाव सरळ कर्नाटकात घातलंय. कोर्टात खटला चालू आहे, निदान तुटक रेषा तरी नको? तू तिकडेच आहेस, एक पत्र टाक ना त्यांना."
— माझा मामेभाऊ, चंदगडहून

नाही टाकणार. आणि का नाही, ते एकदा सविस्तर लिहून मोकळी होते, कारण दर नोव्हेंबरात हा विषय निघतो आणि दर वेळी मी "बघते" म्हणून वेळ मारून नेते.

मी जन्माने बेळगावची, आजोळ चंदगडचं, आता राहते अमेरिकेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याला देताना 'चंदगड तालुका वगळून' असं लिहिलं गेलं, आणि आमच्या आईचं माहेर एका बाजूला आणि सासर दुसऱ्या बाजूला गेलं. मामेभावाचा सातबारा मराठीत आहे, त्याच्या गावच्या शाळेची पाटी मराठीत आहे, आणि तरी सीमाप्रश्नावर सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. बेळगावात राहणारे माझे चुलतभाऊ याच विषयावर निम्म्या आवाजात बोलतात. हे त्याला सांगितलं की तो म्हणतो, त्यांना बोलता येत नाही म्हणून मी बोलतो. यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

पण तुटक रेषेचं उत्तर आहे. नकाशात रेषा तुटक काढतात तेव्हा नकाशा काढणारा सांगत असतो की ही हद्द नेमकी कुठून जाते ते मला पक्कं माहीत नाही. बेळगावच्या बाबतीत ते सगळ्यांना माहीत आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून रेषा कुठे आहे याबद्दल मुंबई आणि बंगळूर यांच्यात काडीचा मतभेद नाही. भांडण आहे ते रेषा कुठे असायला हवी होती याचं. ही दोन वेगळी भांडणं आहेत, आणि नकाशाच्या रेषेत फक्त पहिलं दाखवता येतं.

आपल्याच सर्व्हे ऑफ इंडियाचा राजकीय नकाशा काढून बघा. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत टिपा असतात. अरुणाचल, आसाम आणि मेघालय यांच्यातल्या सीमा १९७१ च्या ईशान्य क्षेत्र पुनर्रचना कायद्याचा अर्थ लावून दाखवल्या आहेत, त्यांची पडताळणी अजून व्हायची आहे, असं तिथे लिहिलेलं असतं. उत्तराखंड–उत्तर प्रदेश, बिहार–झारखंड, छत्तीसगड–मध्य प्रदेश या सीमा संबंधित सरकारांनी तपासलेल्या नाहीत, हेही असतं. महाराष्ट्र–कर्नाटकाचं नाव त्या टिपांत नाही. मामेभावाला यात दिल्लीचा कट दिसतो. मला त्यात दिसते ती कारकुनी शिस्त: जिथे रेषाच कच्ची आहे तिथे टीप, जिथे रेषा पक्की आणि मन कच्चं तिथे काही नाही.

जनगणनेचे तक्ते तर याहून मजेदार. २०११ च्या तक्त्यात पुदुच्चेरी आणि आंध्र प्रदेश यांच्यातलं १३ चौरस किलोमीटर वादग्रस्त क्षेत्र दोघांच्याही क्षेत्रफळात धरलेलं नाही, अशी तळटीप आहे. राज्यांची बेरीज करत बसलात तर तेवढं कमी भरतं. शाळेच्या पुस्तकात तळटीप गळते आणि उरतो नुसता आकडा. मग कुणीतरी हुशार मुलगा बेरीज चुकली म्हणून बाईंना विचारतो आणि बाई त्यालाच गप्प बसवतात.

आता इथलं. मामेभावाला वाटतं की अमेरिकेत असले प्रश्न नसतात, किंवा असले तर चटकन सुटतात. मी अटलांटाच्या उत्तरेला राहते. आम्ही नॅशव्हिलला जातो तेव्हा चॅटनूगा सोडल्यावर आय-२४ काही मैल पुन्हा जॉर्जियात शिरतो आणि परत टेनेसीत जातो. मुलं मागच्या सीटवर 'वेलकम टू जॉर्जिया'ची पाटी बघून हसतात. त्याच परिसरात, निकाजॅकजवळ, जॉर्जियाचा दोनशे वर्षांचा सल आहे.

कायद्याप्रमाणे या दोन राज्यांची हद्द म्हणजे ३५ अंश उत्तर अक्षांश. १८१८ मध्ये जेम्स कॅमॅक नावाच्या गणितज्ञाने ती जमिनीवर आखली आणि पश्चिमेचा कोपरा सुमारे एक मैल दक्षिणेला रोवला. साधनं आणि तक्ते जेमतेम होते. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे जमिनीवर साधारण १.८५ किलोमीटर, म्हणजे त्याची चूक एका मिनिटाच्याही आतली होती. पण टेनेसी नदीचं वळण नेमकं त्या पट्ट्यात येतं. रेषा बरोबर आखली गेली असती तर जॉर्जियाचा हात नदीच्या पाण्याला पोचला असता. एरवी कुणी लक्ष दिलं नसतं. २००७-०८ च्या दुष्काळात अटलांटाला पाणी पुरवणारा लेक लेनिअर आटायला लागला आणि जॉर्जियाच्या विधिमंडळाला कॅमॅक आठवला. २००८ मध्ये ठराव झाला, २०१३ मध्ये पुन्हा झाला. चॅटनूगाच्या महापौरांनी थट्टा म्हणून अटलांटाला बाटलीबंद पाण्याचा ट्रक पाठवला.

आणि नकाशे? कुठल्याही रोड अ‍ॅटलासात तिथे साधी, अखंड राज्यसीमा आहे, कॅमॅकची. अमेरिकन भूशास्त्र खात्याचा राज्यसीमांवरचा जाडजूड ग्रंथ आहे, व्हॅन झँडटचा, १९७६ चा. कुठल्या कायद्यात काय लिहिलं, कुणी मोजलं, खूण कुठे रोवली, हे सगळं त्यात शब्दांत असतं. तक्रार मजकुरात, रेषा नकाशात.

आमच्या सबडिव्हिजनमध्ये एक निवृत्त सर्व्हेअर आहेत. त्यांना मी बेळगावचं विचारलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दगड कुठे आहेत?" मी म्हटलं, दगडांबद्दल वाद नाही. "मग वाद कसला?" भाषेचा, मी म्हटलं. ते बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, इथे चुकीची रेषाही लोकांनी पिढ्यान् पिढ्या मानली, तिच्याप्रमाणे कर भरला, मतं दिली, की कोर्ट तिलाच खरी धरतं. १९९० मध्ये सवाना नदीतली बार्नवेल बेटं जॉर्जियाने अशीच गमावली. दक्षिण कॅरोलायनाने वहिवाट दाखवली आणि जॉर्जिया वेळेवर बोललं नव्हतं. शिवाय निकाजॅकच्या पट्ट्यात राहणाऱ्या कुणाला जॉर्जियात यायचंय? टेनेसीत पगारावर राज्याचा आयकर नाही.

(ऑफिसात हाच विषय काढला तर शेजारच्या क्युबिकलमधल्या सहकाऱ्याने सहानुभूतीने विचारलं, तुझं गाव पाकिस्तानच्या किती जवळ आहे. सीमा म्हटलं की त्यांना तेवढीच आठवते.)

सर्व्हेअरचं म्हणणं मी मामेभावाला कळवलं. तो खूश झाला. "बघ! म्हणूनच आपण दरवर्षी काळा दिन पाळतो. गप्प बसलो असतो तर वहिवाट झाली असती." मुद्दा अर्धा बरोबर आहे. पण इथे राज्यांच्या संमतीशिवाय काँग्रेसला रेषा हलवता येत नाही; आपल्याकडे कलम ३ खाली संसद साध्या बहुमताने हलवू शकते, राज्याचं फक्त मत मागवायचं. आपली रेषा वहिवाटीची नाही, कायद्याने ओढलेली आहे. तिथे गप्प बसण्या-न बसण्याला किती वजन, ते २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याचे वकील सांगतील.

निपाणीच्या आत्याला या सगळ्यात रस नाही. तिने एवढंच विचारलं, "नकाशात बदललं तर माझा उतारा मराठीत येईल का गं?" भाषिक अल्पसंख्याक लोकसंख्येच्या १५ टक्क्यांवर असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं केंद्राने फार पूर्वी ठरवलेलं आहे, त्यासाठी रेषा हलवायची गरज नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ठरवलेलं मलाही माहीत आहे, उतारा कधी येईल ते सांग.

मला खरी चीड येते ती संदर्भग्रंथांतल्या मजकुराची. मराठी पुस्तकात '८६५ गावं' असतं, जुन्या पुस्तकात '८१४', कुठे '२६४'. तिन्ही आकडे खरे आहेत, पण तिन्हींचा धनी वेगळा. ८१४ ही महाराष्ट्राची आधीची मागणी. ८६५ हा डिसेंबर २०२२ च्या विधिमंडळ ठरावातला आकडा. २६४ म्हणजे महाजन आयोगाने १९६७ मध्ये महाराष्ट्राला द्यावीत म्हणून सुचवलेली गावं, निपाणी आणि खानापूर त्यातच. त्याच आयोगाने २४७ गावं कर्नाटकाला द्यायला सांगितली होती, जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची, आणि बेळगाव शहर आहे तिथेच ठेवलं होतं. आपल्याकडच्या किती पुस्तकांत २४७ वाचलंय? कर्नाटकाच्या बाजूचे लोक तोच आकडा तोंडपाठ म्हणतात. आकडा कुणाचा आणि कधीचा हे न सांगणारं पुस्तक मी मिटून ठेवते, मग ते कुठल्याही भाषेतलं असो.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात लिहितेय खरी. माझ्या जुन्या भारतीय पासपोर्टवर जन्मस्थळ 'बेळगाव, कर्नाटक' होतं, आणि ते बघून वडील दर वेळी चिडायचे. मला हसू यायचं. नागरिकत्व घेतल्यावर निळा पासपोर्ट आला. त्यावर परदेशात जन्मलेल्यांचा फक्त देश छापतात. जन्मस्थळ: इंडिया. बेळगाव नाही, कर्नाटक नाही, भांडायला काहीच नाही. त्या दिवशी पोस्टातून आलेलं पाकीट हातात धरून मी ज्या रागाने नवऱ्याशी बोलले, तो राग थेट वडिलांचा होता. नवरा पुण्याचा. तो म्हणाला, तुला नक्की काय छापून हवं होतं? मी सांगू शकले नाही.

मामेभावाला मी पत्राऐवजी नोंदीचा मसुदा पाठवला. रेषा अखंडच. खाली मजकूर: '१ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर, आताच्या कर्नाटक राज्यात. महाराष्ट्राचा भाषिक बहुसंख्येच्या आधारावर दावा. महाजन आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावं महाराष्ट्राला व २४७ कर्नाटकाला देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने ती नाकारली. २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित.' त्याचा लगेच फोन आला. बाकी ठीक आहे म्हणाला, फक्त ते २४७ काढ, आपणच कशाला सांगायचं. मी नाही काढलं. त्यावर तो म्हणाला, तुला तिकडे बसून सोपं आहे. आता आमचं बोलणं बंद आहे, आणि त्याने तोच मसुदा २४७ शिवाय पुढे पाठवलाय असं मामी सांगत होती.