नॅट केलेल्या रक्तातून एचआयव्ही होऊ शकतो का?

"नॅट टेस्ट केलेली रक्ताची पिशवी शंभर टक्के सेफ असते, त्यातून एचआयव्ही होऊच शकत नाही."

नाही, धोका खूप कमी होतो, पण शून्यावर येत नाही. जुनी चाचणी अँटिबॉडी शोधते आणि ती तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. नॅट थेट विषाणूचा आरएनए शोधते, त्यामुळे लागण होऊनही चाचणीत न दिसण्याचा हा काळ, म्हणजे 'विंडो पीरियड', दहा दिवसांच्या आसपास येतो. त्याआधीचे दिवस मात्र उरतातच.

समजा, लागण झाल्यावर सातव्या दिवशी कुणी रक्त दिलं. तेव्हा प्लाझ्माच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूचा जेमतेम एक कण आहे. यंत्रात जातो अर्धा मिलिलिटर. त्यात तो कण येईल किंवा येणारही नाही. काही रक्तपेढ्यांत सहा दात्यांचे नमुने एकत्र करून तपासतात, तिथे प्रत्येकाच्या वाट्याला आणखी कमी प्लाझ्मा येतो. रुग्णाला मात्र त्याच दात्याच्या प्लाझ्माची दोनशे मिलिलिटरची अख्खी पिशवी चढते, म्हणजे सुमारे दोनशे कण. यात यंत्र बिघडलेलं नसतं की तंत्रज्ञ चुकलेला नसतो. नमुन्यात जे आलंच नाही, ते सापडणार कसं?

हे कळतं बहुधा उशिरा, तोच दाता पुढच्या वेळी पॉझिटिव्ह निघाल्यावर. मग मागच्या रक्तदानाचा राखून ठेवलेला नमुना असेल तर तो पुन्हा तपासतात आणि ते रक्त कुणाला चढलं, याचा माग काढतात.

म्हणूनच रक्तदानाच्या फॉर्मवरचे खासगी प्रश्न कृपा करून खरे भरा. विंडोतल्या त्या दिवसांत दात्याचं उत्तर हीच मुख्य गाळणी असते. आणि केवळ स्वतःची एचआयव्ही तपासणी फुकट होते म्हणून रक्तदानाला जाऊ नका.