रद्द कोणी केलं?

या वयात परीक्षेला बसायचं मी ठरवलं, त्यात कोणाचाच दोष नव्हता. ऑफिसात बढतीसाठी एक प्रमाणपत्र लागत होतं, आणि ते माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान असलेल्या सहकाऱ्याकडे होतं. फॉर्म भरला, शुल्क भरलं. म्हणजे माझं कार्ड दोनदा नाकारलं गेल्यावर दादाच्या कार्डावरून भरलं. केंद्र मात्र नशिबाने घरापासून चालत आठ मिनिटांवर मिळालं. आठ मिनिटं हे मी अंदाजाने सांगत नाही. अभ्यासाचा कंटाळा आला की मी ते अंतर घड्याळ लावून चालून यायचो. अभ्यासाच्या नावाखाली माझी तेवढीच एक तयारी पक्की झाली होती.

परीक्षेला बारा दिवस उरले असताना मेल आला. विषय होता, ‘आपल्या परीक्षा केंद्रात बदल’. आत लिहिलं होतं की काही अपरिहार्य कारणास्तव आपलं केंद्र बदलण्यात आलं असून गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. नवं केंद्र दुसऱ्या शहरात होतं, एकशे चाळीस किलोमीटरवर. हजर राहण्याची वेळ सकाळी साडेसात. म्हणजे परीक्षा सुरू व्हायच्या आधीच माझा निकाल लागलेला असणार.

मी तिरीमिरीत माझं खातं उघडलं. तिथे एक लालभडक बटण होतं : ‘परीक्षा रद्द करा’. इतकं ठळक बटण त्या साऱ्या साइटवर दुसरं नव्हतं. पैसे परत घ्यायचे, विषय संपवायचा, म्हणून मी त्यावर बोट नेलंच होतं. तेवढ्यात पुतणी घरात आली. ती गेली चार वर्षं कुठल्या ना कुठल्या परीक्षेचे फॉर्म भरते आहे, त्यामुळे अशा बाबतीत तिचा शब्द आमच्याकडे शेवटचा.

“काका, हात काढा तिथून!”

गॅसवरचं दूध उतू जाताना जसं ओरडतात तसं ती ओरडली. मी हात काढला.

“ते बटण दाबलंत की परीक्षा तुम्ही रद्द केली असं होतं,” ती म्हणाली. “केंद्र त्यांनी हलवलंय ना? मग तुम्ही कशाला काही रद्द करता?”

मला यातला फरक कळेना. परीक्षा मला द्यायची नाही, पैसे मला परत हवेत, मग रद्द त्यांनी केलं काय आणि मी केलं काय! पण तिने नियमावली उघडून दाखवली आणि माझे डोळे उघडले. त्या सगळ्या पानांत खरं तर एकच प्रश्न होता : रद्द कोणी केलं?

उमेदवाराने केलं तर एक तक्ता होता. परीक्षेच्या तीस दिवस किंवा त्याहून आधी माघार घेतली तर तीन चतुर्थांश शुल्क परत. पंधरा ते एकोणतीस दिवस आधी घेतली तर अर्धं. चौदा दिवस किंवा त्याहून कमी उरले असतील तर काही नाही. मी बाराव्या दिवसावर उभा होतो. म्हणजे त्या लाल बटणाचा माझ्यापुरता अर्थ ‘सगळे पैसे तुम्हीच ठेवा’ असा होता. आयोजकांनी परीक्षा किंवा केंद्र रद्द केलं तर मात्र पूर्ण शुल्क परत, किंवा दुसरी तारीख फुकट. दिवसांचा तक्ता तिथे लागूच नव्हता. एकच घटना, एकच उमेदवार, आणि बटणानुसार शंभर किंवा शून्य.

बऱ्याच मोठ्या परीक्षांत अशी दुहेरी मांडणी असते. तक्ते तेवढे वेगळे. अमेरिकेतल्या उच्च शिक्षणासाठीच्या जीआरई परीक्षेचा नियम असा की परीक्षेच्या किमान चार दिवस आधी रद्द केलं तर अर्धं शुल्क परत मिळतं, आणि चीनच्या मुख्य भूमीवर हीच मुदत दहा दिवसांची. ‘चार दिवस आधी’ हे ऐकायला सोपं वाटतं, पण मोजायला बसलं की घाम फुटतो. परीक्षेचा दिवस धरायचा की नाही? अर्ज केला तो दिवस? आणि मध्यरात्र कोणाची, आपली की त्यांच्या कार्यालयाची? तिकडे अजून शनिवारची दुपार असताना इकडे रविवार लागलेला असतो. पुतणीचं म्हणणं, अशा वेळी दोन्ही टोकं सोडून मोजायचं आणि वर एक दिवस पदरचा घालायचा. ती हिशेबात पक्की आहे. आमच्या घराण्यात हे कुठून आलं कळत नाही.

पण आमच्या आनंदाला लगेच एक खिळा लागला. माझ्या परीक्षेच्या नियमावलीत, आयोजकांच्या त्या कलमाच्या शेवटी लिहिलं होतं की ‘त्याच शहरातील’ केंद्रबदल म्हणजे केंद्र रद्द केलं असं धरलं जाणार नाही आणि त्यासाठी परतावा मिळणार नाही. म्हणजे केंद्र गावाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला नेलं असतं, तर आठ मिनिटांचा दीड तास झाला तरी मला तोंड मिटून जावं लागलं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला एकशे चाळीस किलोमीटर लांब फेकलं गेल्याचा आनंद झाला.

दुसरा खिळा मेलच्या तळाशी होता, करड्या अक्षरांत. सात दिवसांत कळवलं नाही तर बदल मान्य आहे असं समजण्यात येईल. आपण रागाने गप्प बसलो तरी त्यांच्या लेखी तो होकारच.

मग मी पत्र लिहायला घेतलं. माझा पहिला मसुदा दोन पानी होता. त्यात माझ्या गुडघ्याचा उल्लेख होता, पहाटेच्या गाडीची गैरसोय होती, ज्येष्ठ उमेदवारांप्रती समाजाची उदासीनता होती, आणि शेवटी ‘सबब मी ही परीक्षा रद्द करू इच्छितो’ असं भारदस्त वाक्य होतं. पुतणीने शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं आणि कपाळावर हात मारला.

“काका, परत तेच! ‘मी रद्द करतो’ असं तुम्ही लेखी देताय!”

तिने दोन पानांच्या तीन ओळी केल्या. ‘आपण दिनांक अमुक रोजी माझे परीक्षा केंद्र दुसऱ्या शहरात हलवले आहे. हा बदल मला मान्य नाही. आयोजकांनी केंद्र रद्द केल्यासंबंधीच्या कलमानुसार माझे पूर्ण शुल्क परत करावे.’ खाली अर्ज क्रमांक, सोबत त्यांच्याच मेलची प्रत आणि जुन्या प्रवेशपत्राचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट कशाला, तर खात्यात आता नुसतं नवं केंद्र दिसत होतं. जुन्या केंद्राचा मागमूस उरला नव्हता. मी त्या आठ मिनिटांच्या प्रेमात पडून प्रवेशपत्राचा फोटो काढून ठेवला होता, तो असा कामी आला. गुडघा मात्र वगळला गेला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दोन दिवसांनी उत्तर आलं : ‘माघार घेण्यासाठी कृपया आपल्या खात्यातील परीक्षा रद्द करा हे बटण वापरावे.’ तीन ओळींच्या पत्रातल्या तिन्ही ओळी न वाचता दिलेलं उत्तर. पुतणी म्हणाली, हे माणसाने लिहिलेलं नाही, साचा आहे, चिडायचं नाही. तिने तेच पत्र पुन्हा पाठवलं आणि वर एक ओळ वाढवली, ‘मी माघार घेतलेली नाही.’ पाचव्या दिवशी खऱ्या माणसाचं उत्तर आलं. विनंती मंजूर.

याच काळात याच परीक्षेला बसलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांची गोष्ट कळली. त्यांनाही तोच मेल आला होता. त्यांनी सुज्ञपणे फुकटातली दुसरी तारीख घेतली. मग त्या तारखेला त्यांचा दौरा निघाला. त्यांनी लाल बटण दाबलं आणि परतावा आला शून्य. नियम असा की एकदा दुसरी तारीख स्वीकारली की आयोजकांचं ऋण फिटलं, पुढचं सगळं उमेदवाराच्या खाती. शिवाय बदललेल्या तारखेला दिवसांचा तक्ता पहिल्या तारखेपासूनच मोजायचा, नाहीतर लोक तारीख पुढे ढकलून मग निवांतपणे तीन चतुर्थांश घेऊन गेले असते. ही पळवाट कोणीतरी आधी वापरून पाहिली असणार, त्याशिवाय इतकं नेमकं कलम कोणाला सुचत नाही.

माझे पैसे ‘प्रोसेस्ड’ झाल्याचा मेल आला. शंभरातले अठ्ठ्याण्णव. दोन पेमेंट गेटवेच्या सेवाशुल्काचे. ते ‘पूर्ण शुल्क’ या शब्दांत बसत नाहीत. मी वाद घालणार होतो, पण पुतणीने नजरेनेच आवरलं. त्यानंतर दहा दिवस उलटले, पैशांचा पत्ता नाही. परतावा ज्या कार्डावरून भरलं त्याच कार्डावर जातो, त्यामुळे मी रोज दादाला फोन करायचो. दादा रोज म्हणायचा, “नाही रे, काही नाही आलं.” त्यात त्याचं ते कार्ड मध्येच मुदत संपून बदललं होतं. मला खात्रीच झाली की माझे पैसे एका मेलेल्या कार्डाभोवती भटकत आहेत.

शेवटी पुतणीने आयोजकांकडून एआरएन मागवला. कार्डाच्या परताव्याला सहसा असा तेवीस अंकी क्रमांक असतो. तो हातात असला की बँकेला ‘आमच्याकडे काही आलेलं नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत. दादाच्या बँकेत तो क्रमांक सांगितला. पलीकडच्या बाईंनी मिनिटभरात उत्तर दिलं, पैसे नऊ दिवसांपूर्वीच नव्या कार्डाच्या खात्याला जमा झालेत, खातं तेच असल्याने काही अडलं नाही.

मी दादाला फोन लावला. पलीकडे थोडी शांतता.

“हां, ते होय? ते आले होते. मला वाटलं बँकेची काहीतरी चूक झालीय. म्हटलं, आपण कशाला बोला.”

“अरे, मी रोज विचारत होतो!”

“तू परीक्षेचे म्हणत होतास. त्यावर परीक्षा असं कुठे लिहिलं होतं?” मग जरा थांबून म्हणाला, “एक सांग. रद्द तू केलीस की त्यांनी?”

“त्यांनी.”

“मग पूर्ण देतो. तू केली असतीस, तर अर्धे ठेवून घेणार होतो.”

मागून पुतणीचा आवाज आला, “बाबा, परत करायची मुदत सात दिवस आहे हं!”

दादाने दिले, पण अठ्ठ्याण्णव नाही, शहाण्णव. दोन म्हणे त्याचं सेवाशुल्क.