एएमएच कमी आलं म्हणजे नेमकं काय कमी आलं?

जानेवारीतली गोष्ट. ओपीडी संपत आली होती आणि भांडुपहून एक मुलगी आली. वय 31, लग्नाला आठ महिने, सोबत सासूबाई. (तिला विचारूनच लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ऑफिसच्या हेल्थ पॅकेजमध्ये तिने रक्त दिलं होतं, त्यात एएमएचही होतं, म्हणजे अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारं हार्मोन. आकडा 0.8, ठळक अक्षरांत, पुढे 'लो'. दुसऱ्याच दिवशी एका सेंटरवरून फोन आला, "मॅडम, एग्ज संपत आलेत, लगेच फ्रीज करून घ्या." तेव्हापासून पोरीला झोप नव्हती. सासूबाईंनी खुर्चीत बसता बसताच विचारलं, "डॉक्टर, हिला मूल होणारच नाही का हो?"

म्हटलं, "काकू, या कागदावर तसं काहीच लिहिलेलं नाही." आणि तिला विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत का गं?" तर सहा महिन्यांपासून गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या. रक्त घेताना हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

हे विचारणं का महत्त्वाचं, ते सांगते. अंडाशयात जी अगदी छोटी, वाढीला लागलेली फॉलिकल्स असतात, म्हणजे ज्यांच्या पोटात एकेक बीज असतं अशा पिशव्या, त्यांच्या पेशी एएमएच हे हार्मोन तयार करतात. रक्तातला आकडा म्हणजे या छोट्या पिशव्यांचा अंदाज. खाली झोपून राहिलेला मूळ साठा कुणालाच थेट मोजता येत नाही, म्हणून वर आलेल्यांवरून आपण तर्क करतो. गर्भनिरोधक गोळी या छोट्या पिशव्यांची वाढ दाबून ठेवते, त्यामुळे एएमएच पंचवीस-तीस टक्क्यांनी सहज खाली येतं, काहींमध्ये त्याहूनही जास्त. गोळी थांबवली की दोन-तीन महिन्यांत ते पुन्हा वर येतं. शिवाय लॅब बदलली, मशीन बदललं, तरी त्याच रक्ताचा आकडा वेगळा येऊ शकतो. 0.8 आणि 1.1 मधल्या फरकावर रडत बसावं इतकी ही तपासणी बारीक नाही.

त्याच पॅकेजमधली सोनोग्राफीही तिने दाखवली. पाळीच्या सतराव्या दिवशी, पोटावरून केलेली. 'फ्यू फॉलिकल्स' एवढंच लिहिलेलं. फॉलिकल्स मोजायची असतील तर पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, आतून केलेली सोनोग्राफी लागते. गोळी चालू नसेल तर सतराव्या दिवसापर्यंत एखादी मोठी पिशवी तयार होऊन फुटलेली असते, तिथे दुसरंच काहीतरी दिसत असतं, आणि पोटावरून तीन-चार मिलिमीटरच्या पिशव्या नीट दिसतही नाहीत.

मग आम्ही ठरवलं, की गोळ्या बंद करायच्या (काळजी नको म्हणून तोवर कंडोम), एप्रिलमध्ये पाळीच्या तिसऱ्या दिवशी यायचं, आणि एएमएच त्याच लॅबमध्ये पुन्हा करायचं.

एप्रिलमध्ये मी स्वतः मोजलं. स्क्रीनवर अंडाशय राखाडी दिसतं आणि त्यात काळे गोल ठिपके. प्रोब एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवायचा, आणि 2 ते 10 मिलिमीटरमधला प्रत्येक ठिपका एकदाच मोजायचा. घाई केली की एकच पिशवी दोनदा मोजली जाते. रक्तवाहिनी आडवी कापलेली दिसली की तीही काळा गोलच दिसते. अशा वेळी प्रोब वळवून बघते. रक्तवाहिनी लांबट होत जाते, पिशवी गोलच राहते. तिच्या उजव्या बाजूला पाच आणि डावीकडे चार. एकूण नऊ. हाच तो अँट्रल फॉलिकल काउंट. पुन्हा केलेलं एएमएच 1.3.

आता खोटा धीर मला द्यायचा नव्हता. 31 व्या वर्षी हे थोडं कमीच आहे, या वयाच्या बऱ्याच जणींचं याच्या दुपटीने असतं, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. प्रश्न आहे तो या 'कमी'चा अर्थ काय, आणि माझा राग इथे आहे. कारण हा अर्थ सांगितलाच जात नाही.

अंडाशयात दर महिन्याला एक तुकडी वाढीला लागते. त्यातलं साधारण एकच बीज बाहेर पडतं, बाकीची जिरून जातात. तुकडीत नऊ असोत की पंचवीस, बाहेर पडणार ते एकच. म्हणून नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता या आकड्यावर फारशी ठरत नाही. हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. 2017 साली अमेरिकेत 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 30 ते 44 वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, नुकताच प्रयत्न सुरू केलेल्या साधारण 750 स्त्रिया त्यात होत्या. वयाचा हिशेब धरून, सहा पाळ्यांत दिवस राहण्याची शक्यता एएमएच 0.7 पेक्षा कमी असणाऱ्यांची 65 टक्के निघाली, नॉर्मल असणाऱ्यांची 62. म्हणजे फरक नाहीच. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2019 मध्ये सांगितलं, की वंध्यत्व नसलेल्या बाईला तिच्या प्रजननक्षमतेचा सल्ला देण्यासाठी एएमएच वापरू नये.

मग हे आकडे सांगतात काय? इंजेक्शनं देऊन आपण पूर्ण तुकडी वाढवली तर हाताला किती बीजं लागतील, हे ते बऱ्यापैकी सांगतात. उद्या या मुलीने आयव्हीएफ किंवा एग फ्रीजिंग केलं तर एका सायकलमध्ये पंधरा नाही, सहा-आठ बीजं मिळतील असं धरून चालावं लागेल. कदाचित दोन सायकल लागतील, म्हणजे खर्चही दुप्पट. उलट एखादीचं एएमएच सहा असेल तर इंजेक्शनाचा डोस कमी ठेवावा लागतो, नाहीतर अंडाशयं सुजून पोटात पाणी होऊ शकतं. आयव्हीएफच्या खोलीत हा आकडा खरोखर कामाचा आहे.

पण बीज किती चांगलं, हे एएमएच आणि फॉलिकल काउंट या दोन्हींपैकी एकही सांगत नाही. ते सांगतं वय. मागच्याच महिन्यात 42 वर्षांची एक ताई आली होती, एएमएच 2.6. "माझं तर छान आलंय, अजून दोन वर्षं थांबलं तर चालेल ना?" तिला नाही म्हणताना मला जास्त वाईट वाटलं. संख्या बरी असली तरी या वयात बीजांमध्ये गुणसूत्रांचे दोष वाढलेले असतात, गर्भपाताचं प्रमाण वाढतं. 'नॉर्मल' या एका शब्दाने तिची दोन वर्षं गेली असती. आणि पाळी नेमकी कितव्या वर्षी जाईल, हेही एकट्या बाईच्या बाबतीत या आकड्यावरून सांगता येत नाही.

तपासणी करूच नये असं मी म्हणत नाही. केमोथेरपी होणार असेल, चॉकलेट सिस्टचं ऑपरेशन ठरलं असेल, आईची किंवा बहिणीची पाळी चाळिशीच्या आत गेली असेल, तर जरूर करा. मूल होत नसेल तर पस्तिशीच्या आत एक वर्ष, नंतर सहा महिने प्रयत्न झाल्यावर या, चाळिशीनंतर लगेच या. तेव्हा नवऱ्याची वीर्यतपासणी आणि गर्भनलिकांची तपासणीही तितकीच हवी. आपल्याकडे बाईचं एएमएच दोनदा होतं आणि नवऱ्याचा एकही कागद फाईलमध्ये नसतो. आणि एएमएच वाढवायच्या म्हणून विकतात त्या पावडरी घेऊ नका. अंडाशयातला साठा वाढवणारं औषध आज नाही.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, की दोन मुलं हवी असतील तर चार वर्षं थांबू नका. तेही मुख्यतः वयामुळे, आणि थोडं यासाठी की पुढे कधी आयव्हीएफची वेळ आलीच तर हाताशी बीजं कमी असतील. दोघांनी बोलून एप्रिलपासून प्रयत्न सुरू केले. फ्रीजिंग केलं नाही. फोन मात्र त्या सेंटरचे अजून येतात.

काल तिचा मेसेज आला. चार महिने झाले, अजून दिवस राहिले नाहीत, एएमएचमुळेच का? मी लिहिलं, त्या अभ्यासात नॉर्मल एएमएच असलेल्या दर शंभरातल्या 38 जणींनाही सहा पाळ्यांत दिवस राहिले नव्हते. तुझे चारच झालेत. पुढच्या वेळी येताना नवऱ्याला घेऊन ये.