बॅगेच्या टॅगवर सरहद्द छापलेली नसते

"तिकीट एकाच पीएनआरवर असलं आणि बॅगा शेवटपर्यंत टॅग झाल्या, की मध्ये कुठंच इमिग्रेशन करावं लागत नाही. विमानतळाच्या दाराबाहेर पडायचंच नाही, तर व्हिसा कशाला? निवांत जा."

दोहा किंवा सिंगापूरला विमान बदलणाऱ्यांचा अनुभव बहुतेक वेळा असाच असतो, त्यामुळे हा सल्ला पटकन पटतो. मात्र तिथं इमिग्रेशन टळतं ते पीएनआरमुळे नाही. येणारं आणि जाणारं, दोन्ही विमानं आंतरराष्ट्रीय असतात आणि प्रवाशाला पासपोर्ट तपासणीच्या अलीकडेच एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जाता येतं, म्हणून ते टळतं. तेव्हा विचारायचं ते हे, की उतरल्यापासून पुढच्या विमानात बसेपर्यंतच्या वाटेत पासपोर्ट तपासणीची रेषा येते का.

ही रेषा विमानतळाच्या मुख्य दारापाशीच असते, असं धरून चालणं ही पहिली चूक. फ्रँकफर्टच्या पहिल्या टर्मिनलमध्ये एकाच लांबलचक इमारतीत एका मजल्यावर A गेट आहेत आणि त्यांच्या वर Z गेट. आपसांत सहसा पासपोर्ट तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाला शेंगेन म्हणतात. A म्हणजे शेंगेन देशांत जाणारी विमानं, Z म्हणजे शेंगेनबाहेर जाणारी. मध्ये एक जिना, आणि पासपोर्ट तपासणी. दाराकडे न फिरकताही माणूस इथं कायद्याच्या दृष्टीनं युरोपात शिरतो किंवा युरोपातून बाहेर पडतो.

एक उदाहरण नीट लावून बघू. प्रवाशाला सिंगापूरहून टोरांटोला जायचं आहे. त्याच्याकडे कॅनडाचा व्हिसा आहे. त्याचा पासपोर्ट असा, की युरोपात शिरायला शेंगेन व्हिसा लागतो, पण नुसतं विमान बदलायला लागत नाही. पहिला पर्याय सिंगापूर–फ्रँकफर्ट–टोरांटो. दोन्ही विमानं शेंगेनबाहेरची, त्यामुळे तो तपासणीच्या अलीकडेच राहतो. इथं वरचा सल्ला बरोबर ठरला.

दुसरा पर्याय सिंगापूर–म्युनिक–फ्रँकफर्ट–टोरांटो. समजा, तो थोडा स्वस्त दिसतोय. एकच पीएनआर, बॅग टोरांटोपर्यंत टॅग, बाहेर पडायचा प्रश्नच नाही. पण म्युनिक ते फ्रँकफर्ट ही फेरी शेंगेनच्या आतली, म्हणजे व्यवहारात देशांतर्गत विमानासारखीच. ते विमान पकडायला म्युनिकला युरोपात प्रवेश घ्यावा लागतो, आणि फ्रँकफर्टला टोरांटोचं विमान गाठताना युरोपातून बाहेर पडल्याची नोंद होते. मध्ये एखाद-दोन तासांचा प्रवास असला, तरी प्रवेश तो प्रवेशच. विमानतळ ट्रान्झिटचा 'A' व्हिसा इथं उपयोगाचा नाही, कारण त्यावर फक्त आंतरराष्ट्रीय ट्रान्झिट विभागात थांबता येतं. शेंगेनचा नेहमीचा अल्पकालीन 'C' व्हिसा हवा. आणि तो एकाच प्रवेशाचा असेल, तर जातानाच संपला. परत येताना त्याच मार्गानं यायचं ठरलं असेल, तर म्युनिक किंवा फ्रँकफर्टला दुसरा प्रवेश आणायचा कुठून?

अशा प्रवाशाला म्युनिकचा अधिकारी अडवेल असं वाटतं, पण सहसा गोष्ट तिथवर जातच नाही. त्याला सिंगापूरच्या चेक-इन काउंटरवरच थांबवतात. कागदपत्रं अपुरी असलेला प्रवासी नेला, तर कंपनीला दंड होऊ शकतो आणि त्याला परत नेण्याची जबाबदारीही तिच्यावर येते. म्हणून काउंटरवरचा कर्मचारी टिमॅटिक नावाच्या माहितीसाठ्यात पासपोर्ट, व्हिसा आणि मार्ग घालून पाहतो. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळानं बुकिंग करू दिलं, याला तिथं काडीचीही किंमत नाही. मार्ग जोडणारी प्रणाली जागा आणि वेळ जुळवते, तुमचा पासपोर्ट बघत नाही.

आता बॅगेचं. बॅग तपासतात ते कस्टम्सवाले, माणसाला तपासतात ते इमिग्रेशनवाले, आणि दोघांची ठिकाणं वेगळी असू शकतात. सिंगापूर–फ्रँकफर्ट–व्हिएन्ना घ्या. माणसाचा प्रवेश फ्रँकफर्टला होतो, शेवटपर्यंत टॅग झालेली बॅग मात्र थेट व्हिएन्नाला जाते आणि तिचं कस्टम्स तिथं होतं. म्हणजे बॅगेला मध्ये हातही लागला नाही आणि मालकाचं इमिग्रेशन झालं. उलटंही घडतं. दोन वेगळी तिकिटं असली, पण फक्त हातातली बॅग असेल आणि पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास आधीच मिळालेला असेल, तर बऱ्याच विमानतळांवर आतच राहता येतं. वेगळ्या तिकिटांवर लोकांना बाहेर जावं लागतं, ते बहुधा पट्ट्यावरून बॅग उचलून पुन्हा चेक-इन करायला. त्या अर्थानं वेगळं तिकीट धोक्याचं खरंच आहे. पण एकत्र तिकीट म्हणजे सुटका, असा उलटा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

अमेरिकेत तर हा वादच संपतो. माद्रिदहून डॅलसमार्गे मेक्सिको सिटीला जाणाऱ्या प्रवाशाला अमेरिकेत काडीचंही काम नसतं, तरी डॅलसला इमिग्रेशनसमोर उभं राहावं लागतं. तिथल्या विमानतळांवर आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी वेगळा बंद ट्रान्झिट विभाग ठेवण्याची पद्धत नाही. देश सोडताना पासपोर्ट तपासणीची खिडकी नसते, त्यामुळे देशांतर्गत आणि परदेशी विमानं एकाच दालनातून सुटतात. बाहेरून आलेल्याला त्या दालनात सोडायचं, म्हणजे देशातच सोडायचं. व्हिसाशिवाय ट्रान्झिटची सवलत पूर्वी होती. ती ऑगस्ट २००३ मध्ये स्थगित झाली. आता ट्रान्झिटचा सी-१ किंवा दुसरा चालणारा व्हिसा लागतो, आणि व्हिसामाफी असलेल्या देशांच्या नागरिकांना निदान ईएसटीए ही ऑनलाइन प्रवासपरवानगी. डब्लिन किंवा अबू धाबीसारख्या काही विमानतळांवर अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्याआधीच उरकतं, पण ते टळत नाही, फक्त अलीकडे सरकतं.

रेषा कायमची आखलेली असते असंही नाही. ३१ मार्च २०२४ पासून रुमानियाच्या विमानतळांवर शेंगेनचे नियम लागू झाले. त्याआधी सिंगापूर–व्हिएन्ना–बुखारेस्ट जाणाऱ्याचा प्रवेश बुखारेस्टला व्हायचा, आता व्हिएन्नाला होतो. तिकीट तेच, बॅगेचा टॅग तोच. त्यामुळे 'मी गेलो होतो तेव्हा कुणी विचारलं नाही' हा पुरावा किती जुना आहे, ते आधी विचारावं.

बुकिंगपूर्वी एवढंच करा. मार्गातला प्रत्येक टप्पा वेगळा लिहा आणि त्याचे दोन्ही विमानतळ एकाच देशात किंवा दोन्ही शेंगेनमध्ये आहेत का, ते पाहा. बाहेरून येऊन असा आतला टप्पा घ्यायचा असेल किंवा अमेरिकेत विमान बदलायचं असेल, तर इमिग्रेशन आलंच. मग मध्ये विमानतळ बदलतोय का ते बघा. इस्तंबूलच्या एका विमानतळावर उतरून सबिहा ग्योकचेनहून पुढचं विमान असेल, तर शहरातून जावं लागणार. शेवटी ट्रान्झिट विभाग रात्री उघडा असतो का, तेही विचारा, कारण तो बंद झाला तर रात्र तपासणीच्या पलीकडे काढावी लागते, आणि त्यासाठी व्हिसा लागू शकतो.

विमान चुकल्यावर मिळणारा बदली मार्गही याच नजरेनं तपासा. फ्रँकफर्टहून थेट टोरांटोचं विमान रद्द झालं आणि काउंटरवरच्या माणसानं 'म्युनिकमार्गे पाठवतो' म्हटलं, तर लगेच हो म्हणू नका. माझ्याकडे शेंगेन व्हिसा नाही, हे तिथंच सांगा आणि शेंगेनबाहेरचा मार्ग किंवा दुसऱ्या दिवशीचं थेट विमान मागा. थेट विमान घेतलं, तर रात्र ट्रान्झिट विभागातच काढता येईल ना, हेही त्याच काउंटरवर विचारून घ्या. कंपनीनं दिलेलं हॉटेल बहुधा तपासणीच्या पलीकडेच असतं.